कोचला कळवायचा आठवडा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी धावपटू आता सातारा, सांगली, नाशिक, लातूर अशा सगळ्या गावांत भेटतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा कोच मात्र त्यांच्या गावात नसतो. कोच पुण्यात किंवा ठाण्यात, आणि धावणारा कराडच्या कृष्णाकाठी. आठवड्याचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येतं, धावपटू ते जमेल तसं पार पाडतो आणि रविवारी संध्याकाळी कोचला चार ओळी लिहून कळवतो. पुढच्या आठवड्यात किती धावायचं, कुठे थांबायचं, हे त्या चार ओळींवर ठरतं. कोचने धावपटूचं एकही पाऊल पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त तो निरोप असतो.

मी अशा लांबच्या धावपटूंना शिकवतो. रविवारी रात्री येणारे निरोप वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. जो धावपटू वही समोर ठेवून लिहितो, त्याच्या पाच-सहा ओळींतून मला आठवडा दिसतो. जो आठवून लिहितो, त्याच्या निरोपातून मला फक्त त्याचा रविवार दिसतो. रविवारचं लांब धावणं चांगलं झालं असेल तर सगळा आठवडा ‘मस्त’ असतो आणि तेच फसलं असेल तर सगळा आठवडा ‘वाया’. मंगळवारी काय झालं हे रविवारपर्यंत डोक्यात राहत नाही. राहिलंच, तरी रविवारच्या रंगात बुडून राहतं.

आता अनेकांच्या मनगटावर घड्याळ असतं. किती किलोमीटर, किती वेळ, हृदयाचे ठोके किती, हे कोचला आपोआप दिसतं. मग लिहायचं कशाला, असं मला नेहमी विचारतात. घड्याळाला धावणं कळतं, पण आदल्या रात्री एक वाजेपर्यंत पेपर तपासत बसलेली शिक्षिका त्याला दिसत नाही. अकराव्या किलोमीटरला धावणं थांबलं एवढं ते नोंदवतं. नडगी दुखली म्हणून थांबलात, पाणी संपलं म्हणून की मुलीचा फोन आला म्हणून, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय घड्याळ चुकतंही. पट्टा सैल असेल आणि हवा थंड असेल तर मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. पहिल्याच किलोमीटरला, अंग गरम व्हायच्या आत, आकडा अचानक १६५-१७०वर चढला आणि तिथेच चिकटून राहिला, आणि तुम्ही मात्र आरामात बोलत धावत होता, तर तो आकडा बहुधा तुमच्या पावलांचा असतो. अशा दिवशी वहीत ‘ठोके खोटे’ असं लिहून ठेवलं की कोच त्या आकड्यावर काही ठरवत नाही.

म्हणून आधी वही. तिच्यात फार काही लागत नाही. सकाळी उठल्यावर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत मोजलेले ठोके आणि झोपेचे तास. धावून आल्यावर काय ठरलं होतं, काय झालं, किती मिनिटं लागली आणि किती कष्ट पडले, याचा शून्य ते दहामधला एक आकडा. त्याखाली एक ओळ, त्या दिवशी जे वेगळं वाटलं त्याची.

कष्टाच्या या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या नोंदींत हाच आकडा लोक सर्वांत हलक्याने घेतात. माणसाला आपल्या श्रमाचा अंदाज आकड्यात सांगता येतो आणि तो बराचसा भरवशाचा असतो, हे स्वीडनच्या गुनार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दाखवून दिलं. त्याची मोजपट्टी ६पासून २०पर्यंत होती. आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या ठोक्यांच्या जवळपास पोचता यावं, अशा हिशेबाने त्याने ती आखली होती. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये काम करणाऱ्या कार्ल फॉस्टर यांनी शून्य ते दहाची पट्टी घेऊन एक साधा गुणाकार सुचवला. सराव संपल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने ‘एकूण किती कष्ट पडले’ याचा आकडा सांगायचा आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. येईल तो त्या सरावाचा भार. ४५ मिनिटं धावलात आणि कष्ट ३ वाटले, तर भार १३५. हीच पद्धत आज कितीतरी खेळांत वापरतात.

अर्धा तास थांबण्यामागे कारण आहे. शेवटचा चढ जीव काढणारा असेल तर थांबल्याथांबल्या प्रत्येक जण ९ सांगतो, मग आधीची चाळीस मिनिटं कितीही आरामाची असोत. श्वास जागेवर आला, अंघोळ झाली, की सगळ्या धावण्याचा मिळून आकडा सुचतो. माझं आणखी एक सांगणं असतं. आकडा लिहायचा तो घड्याळातला वेग बघायच्या आधी. वेग चांगला दिसला की माणूस कष्ट कमी सांगतो, वाईट दिसला की जास्त. आणि मग त्या आकड्यात शरीराचं म्हणणं उरत नाही.

फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये कोच आणि खेळाडू यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. कोचने जे दिवस हलके ठरवले होते ते खेळाडूंनी जास्त जोरात केले होते आणि जे दिवस कठीण ठरवले होते ते कमी जोरात. म्हणजे आठवडाभर सगळं मधल्याच पट्टीत. हे मी हौशी धावपटूंमध्ये सतत पाहतो. इझी म्हणजे पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश. पण ग्रुपमधला शेजारी पुढे जायला लागला की पाय आपोआप उचलले जातात. त्यामुळे वेळापत्रकात जिथे इझी लिहिलं आहे तिथे वहीत ३ आहे की ५, हे कोचला पहिल्यांदा बघायचं असतं.

आता एक आठवडा उलगडून पाहू. तो मी उदाहरणासाठी रचला आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट या मोसमात नेहमी घडते. साताऱ्यातली एक माध्यमिक शिक्षिका, वय एक्केचाळीस, मुंबईला अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर धावणार आहे. नोव्हेंबरचा शेवट जवळ आला आहे, शर्यतीला ८ आठवडे आहेत. त्या आठवड्याचं वेळापत्रक असं होतं : मंगळवारी ६ किलोमीटर इझी, बुधवारी अर्धा तास स्ट्रेंथ, गुरुवारी टेम्पोचे ८-८ मिनिटांचे तीन तुकडे धरून एकूण ७ किलोमीटर, शुक्रवारी विश्रांती, शनिवारी ५ इझी आणि रविवारी लाँग रन १४ किलोमीटर. टेम्पो म्हणजे दोन-चार शब्दच बोलता येतील इतक्या नेटाने, पण ऊर फुटू न देता धावणं. तिच्या वहीत आठवडा असा उतरला :

सोम : विश्रांती. झोप ७ तास. सकाळचे ठोके ५८.

मंगळ : इझी ६ ठरले, ६ झाले. ४५ मिनिटं, कष्ट ३. धावताना ठोके १३८. गप्पा मारत.

बुध : स्ट्रेंथ ३० मिनिटं, कष्ट ४.

गुरू : टेम्पो झाला नाही. रात्री घटक चाचणीचे पेपर. झोप ५. सकाळचे ठोके ६४.

शुक्र : गुरुवारचा टेम्पो आज केला. साडेसहा किमी, ५० मिनिटं. दोन तुकडे पूर्ण, तिसरा ५ मिनिटांवर सोडला. कष्ट ८. झोप साडेपाच, ठोके ६४.

शनि : इझी ५ ठरले, ५ झाले. ३८ मिनिटं, कष्ट ५. ठोके १४८. पाय जड.

रवि : लाँग १४ ठरले, ११ झाले. ९० मिनिटं, कष्ट ७. आठव्या किमीपासून उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखणं. अकराला थांबले.

ही नोंद जशीच्या तशी कोचला पाठवता येईल. पण मग ती वाचून अर्थ लावायचं काम कोचवर पडतं, आणि त्याच्याकडे त्या रात्री आणखी बऱ्याच जणांच्या नोंदी आलेल्या असतात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे धावपटूने स्वतः आपला आठवडा वाचलेला नसतो. निरोप लिहायच्या आधी दहा मिनिटं वही घेऊन बसायचं ते याचसाठी.

सुरुवात ठरलेलं आणि झालेलं शेजारी ठेवून करायची. ठरले ३२ किलोमीटर. झाले ६, साडेसहा, ५ आणि ११ मिळून साडेअठ्ठावीस. नुसतं एवढंच पाहिलं तर आठवडा थोडा कमी पडला, असं वाटेल. आता भार काढून बघा. मंगळवार १३५, बुधवार १२०, शुक्रवार ४००, शनिवार १९०, रविवार ६३०. एकूण १४७५. यातले १२२० शेवटच्या तीन दिवसांत आहेत. टेम्पो एक दिवस पुढे सरकला, शनिवारचं इझी धावणं मात्र जागेवरच राहिलं, आणि विश्रांतीचा दिवस मधल्या मध्ये गायब झाला. किलोमीटर कमी झाले, तरी आठवडा कठीण झाला. हे रविवारी नुसतं आठवून कधीच सापडलं नसतं, कारण तिच्या लेखी तिने फक्त एक सराव दुसऱ्या दिवशी केला होता.

पुढची खूण मंगळवार आणि शनिवार शेजारी ठेवल्यावर दिसते. दोन्ही दिवस इझी, वेग जवळजवळ सारखा, किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास. पण शनिवारी ठोके दहाने जास्त आणि कष्ट ३ऐवजी ५. एकाच वेगाला ठोके चढण्याची कारणं बरीच असतात. उकाडा आणि दमट हवा हे कोकणपट्टीतलं नेहमीचं कारण आहे, अंगातलं पाणी कमी होणं हे दुसरं, ताप येऊ घातलेला असणं हे तिसरं. साताऱ्यात नोव्हेंबरच्या पहाटे उकाड्याला दोष देता येत नाही. दोन रात्रींची अपुरी झोप आणि सकाळचे ५८चे ६४ झालेले ठोके पाहता इथे थकवा हेच कारण जास्त संभवतं. सकाळचे ठोके एखाद्या दिवशी वाढले तर त्यात काही नाही, चहा उशिरा घेतला असेल, डास चावले असतील. सलग दोन-तीन दिवस वर राहिले आणि सोबत पाय जड असं लिहिलेलं असेल, तर ते कोचला सांगायचं.

आणि मग नडगी. दुखण्याबद्दल लिहिताना नेमकेपणा असला की कोचचा निर्णय बदलतो, म्हणून इथे थोडं थांबतो. नुसतं ‘पाय दुखतोय’ यावर काहीच ठरवता येत नाही. स्नायू धरलेले असतील तर दुखणं बहुतेक दोन्ही पायांत असतं, सरावानंतर एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि अंग गरम झालं की सैल पडतं. नडगीच्या आतल्या कडेला पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, तर तो धावणाऱ्यांना नेहमी होणारा नडगीचा त्रास असण्याची शक्यता जास्त. भार वेळीच कमी केला तर तो निवळतो. पण एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्याच जागेवर हाड दुखत असेल, धावताना वाढतच जात असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर जाण्याची सुरुवात असू शकते. तिथे धावणं बंद करून डॉक्टरकडे जायचं. कोचला संदेशातून हे निदान करता येत नाही आणि त्याने करूही नये. पण या दोहोंतलं कोणतं वर्णन तुमच्याशी जुळतं, हे तुम्ही लिहिलं तर पुढचं पाऊल कोणतं हे तो सांगू शकतो. त्यासाठी त्या दिवशी संध्याकाळी नडगीच्या कडेवरून बोट फिरवून, कुठपासून कुठपर्यंत दुखतं हे बघायला हवं आणि वहीत लिहायला हवं.

हे सगळं वाचून झालं की निरोप लिहायला पाच मिनिटं पुरतात. तिचा निरोप असा झाला :

सर, नमस्कार. मुंबईला ८ आठवडे.
ठरले ३२ किमी, झाले २८.५. स्ट्रेंथ झाली.
गुरुवारचा टेम्पो शुक्रवारी केला. पेपर तपासणी होती, दोन रात्री झोप पाच तासांच्या आसपास. तिसरा तुकडा ५ मिनिटांवर सोडला, कष्ट ८.
शनिवार सोडला नाही, त्यामुळे शुक्र-शनि-रवि सलग धावले. इझीला मंगळवारी ठोके १३८, कष्ट ३. शनिवारी त्याच वेगाला १४८, कष्ट ५.
लाँग १४ऐवजी ११. आठव्या किमीपासून उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखलं म्हणून थांबले. दाबल्यावर साधारण चार बोटं लांबीत दुखतं, एकाच जागी नाही. चालताना, जिना उतरताना काही नाही. हे पहिल्यांदाच.
येत्या गुरुवारी शाळेत स्नेहसंमेलन, रात्री उशीर होईल.
मंगळवारी धावू की दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबू?

मोबाइलच्या एका पडद्यावर बसेल एवढाच हा निरोप आहे. काय काय आलं नाही, तेही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक दिवसाची हकिगत नाही. भाराचे आकडे नाहीत. वाचताना तिने ते काढले, पण कोचला त्यांतून निघालेली गोष्टच सांगितली, की तीन दिवस सलग धावले. माफी मागितलेली नाही. टेम्पो का हलला याचं कारण एका वाक्यात आहे आणि ते कोचच्या कामाचं आहे, कारण झोप नसताना टेम्पो अर्धवट राहणं आणि झोप पुरेशी असताना अर्धवट राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या आठवड्याची अडचण आधीच कळवली आहे, म्हणजे वेळापत्रक तिच्याभोवती बसवता येईल. आणि शेवटी एकच प्रश्न आहे, ज्याचं उत्तर कोचला लगेच देता येतं. पाच प्रश्न विचारले की कोच सोप्या दोघांना उत्तर देतो आणि अवघड प्रश्न राहून जातो, हे मी माझ्या बाबतीतही अनुभवतो.

वही नसती तर याच आठवड्याचा निरोप कसा गेला असता? ‘सर, या वेळी जरा गडबड झाली, शाळेत काम होतं. टेम्पो केला. लाँग थोडा कमी झाला, नडगी दुखत होती, आता बरी आहे. पुढच्या वेळी नक्की पूर्ण करते.’ यात एकही वाक्य खोटं नाही. पण हे वाचून कोणताही कोच पुढच्या रविवारी पुन्हा १४, कदाचित १५ लिहून पाठवेल, कारण नडगी बरी आहे आणि माणूस उत्साहात आहे. त्यातून शेवटच्या महिन्यात होणारी दुखापत मी पाहिलेली आहे. तेव्हा शर्यत जाते ती जातेच, शिवाय पुढचे कितीतरी आठवडे धावणं बंद होतं.

वही समोर ठेवून लिहिलेल्या निरोपावर माझं उत्तर असं असेल :

ताई, मंगळवारी धावू नका. बुधवारपर्यंत चालणं आणि सायकल, तेही दुखणार नाही एवढंच. स्ट्रेंथमध्ये या वेळी उड्या नकोत. बुधवारी रात्री नडगी पुन्हा दाबून बघा. दुखत नसेल तर गुरुवारी सकाळी सपाट रस्त्यावर ४ किमी अगदी सावकाश, दुखायला लागलं की चालत परत. टेम्पो या आठवड्यात नाही. शुक्रवारी विश्रांती, स्नेहसंमेलनाची झोप भरून काढा. शनिवार नाही. रविवारी ९ किमी, तेही नडगी पूर्ण शांत असेल तरच. यापुढे गुरुवार चुकला तर तो सोडून द्या. शुक्रवारी केलाच, तर शनिवार सोडा. बुटांचे किती किमी झाले?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. धावण्याच्या बुटांचा तळ साधारण ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान दबतो. वजन, रस्ता आणि बुटाची जात यांवर ते बदलतं. वरून बूट नवा दिसत असतो आणि आतला मऊ थर बसलेला असतो. वहीच्या मागच्या पानावर कोणत्या बुटाचे किती किलोमीटर झाले याची बेरीज असली तर उत्तर एका मिनिटात मिळतं. नसली तर ‘गेल्या दिवाळीला घेतले होते’ एवढंच कळतं, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

पुढच्या रविवारचा निरोप या उत्तराला धरून सुरू होतो. बुधवारी नडगी दाबल्यावर काय आढळलं, गुरुवारचे ४ किलोमीटर कसे गेले, बूट ६४० किलोमीटर झाले आहेत. मागच्या आठवड्यात ज्या गोष्टीची चिंता होती तिचं काय झालं, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे. बरेच जण दुखणं गेलं की त्याबद्दल लिहीतच नाहीत. मग कोचला कळत नाही की ते गेलं, की लिहायचं राहिलं.

वही फसण्याच्या दोन तऱ्हा मला ओळखता येतात. एक म्हणजे रविवारी बसून सात दिवस एकदम भरणं. अशा वहीत कष्टाचे आकडे ४, ४, ५, ४ असे एका रांगेत असतात, झोप रोज ७ तास असते आणि ‘वेगळं काय वाटलं’ ही जागा रिकामी असते. खऱ्या आठवड्यात आकडे वर-खाली होतात. दुसरी तऱ्हा अधिक अवघड आहे. कोचला चांगलं वाटावं म्हणून आकडे सावरून लिहिणं. इझीला ५ पडले तरी ३ लिहायचे, कारण वेळापत्रकात तसं आहे. हे ओळखायची माझी खूण म्हणजे ठोके आणि कष्ट एकमेकांपासून सुटतात. इझीला कष्ट कायम ३, पण ठोके आठवड्यागणिक चढत चाललेले. असं दिसलं की मी आकड्यांबद्दल विचारत नाही, फोन करून बोलतो. बहुतेक वेळा वेळापत्रकच त्या माणसाला जास्त झालेलं असतं आणि ते सांगायला तो संकोचत असतो.

भाराच्या गुणाकारालाही मर्यादा आहेत. यवतेश्वरचा घाट चढून उतरलेली ६० मिनिटं आणि सपाट रस्त्यावरची ६० मिनिटं यांचा कष्टाचा आकडा एकच आला, तरी उतरताना मांड्यांवर आणि गुडघ्यांवर आलेला ताण त्या आकड्यात पुरता उतरत नाही. म्हणून घाटातल्या धावण्याला वहीत ‘घाट’ असं लिहायचं आणि त्या दिवशी वेगाकडे लक्षच द्यायचं नाही. तसंच एका धावपटूचा १४७५ हा भार दुसऱ्याच्या १४७५शी ताडून बघता येत नाही. एकाचे ५ कष्ट हे दुसऱ्याचे ३ असतात. हा आकडा त्याच माणसाच्या मागच्या आठवड्यांशीच बोलतो, आणि त्यासाठी निदान चार-सहा आठवड्यांच्या नोंदी हाताशी लागतात. नव्या धावपटूच्या पहिल्या महिन्यात मी भाराकडे जवळजवळ पाहत नाही. ठरलेलं, झालेलं आणि दुखणं एवढंच वाचतो.

काही गोष्टी रविवारच्या निरोपासाठी ठेवायच्याच नसतात. धावताना छातीत दुखणं किंवा दाब येणं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं, चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छातीत विचित्र धडधड होणं. यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं, सोबतच्या माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं. छातीतली कळ थांबत नसेल तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. ताप असताना धावायचं नाही, आणि बोटाच्या टोकाखाली येणारं हाडाचं दुखणं मंगळवारी सापडलं तर मंगळवारीच कळवायचं. कोचला त्याच्या वेळेची अडचण होईल म्हणून रविवारपर्यंत थांबणारे सज्जन लोक मला भेटतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, की अशा वेळी आधी डॉक्टर, मग मला फोन, आणि वहीत नोंद सगळ्यांत शेवटी.